अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ आणि नवरीचा विश्वास

घरोघरी जाऊन नववधूचा मेकअप करणाऱ्या स्त्रिया हौसेने व्हिडिओ काढतात. ते पाहणारे हजारो असतात, पण लग्नाचे बुकिंग मात्र येत नाही. असे का होते? आणि भिलाईसारख्या गावात, एकटीच्या बळावर काम करणाऱ्या स्त्रीने या छोट्या व्हिडिओंची आखणी कशी करावी?

भिलाईच्या टाऊनशिपमधल्या एखाद्या क्वार्टरमध्ये दुपारी डोकावून पाहा. मुलीचे लग्न ठरले आहे. मुलगी मोबाइलवर मेकअपचे व्हिडिओ पाहते आहे आणि शेजारी बसलेली आईही चष्मा लावून पाहते आहे. पडद्यावर एक सुंदर नवरी गिरकी घेते, गाणे वाजते, दागिने चमकतात. मुलगी म्हणते, ‘‘आई, किती छान ना!’’ आई विचारते, ‘‘छान आहे गं, पण ही आपल्याकडे घरी येईल का? मे महिन्यात घामानं सगळं ओघळलं तर? तुझ्या रंगाला असं दिसेल का? आणि घेते किती?’’

आईच्या या चार प्रश्नांपैकी एकाचेही उत्तर त्या व्हिडिओत नसते. म्हणून व्हिडिओ आवडतो, दोघी पुढचा पाहतात आणि फोन कुणालाच जात नाही.

व्हिडिओची आखणी नेमकी इथून सुरू करायला हवी. मेकअप करणारीला आपले कसब दाखवायचे असते. नवरीच्या घराला मात्र आपल्या धास्तीवर उत्तर हवे असते. या दोहोंमधले अंतर ओळखता आले की अर्धे काम झाले.

गाव एक, लग्ने अनेक

भिलाईच्या पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते सुरू झाली. त्या कारखान्यामुळे देशाच्या कानाकोपऱ्यातली माणसे इथे येऊन स्थायिक झाली. त्यामुळे एकाच वस्तीत छत्तीसगढी, मराठी, बंगाली, तेलुगू, पंजाबी अशी सगळी लग्ने लागतात. एकीकडे नवरीच्या कपाळावर मुंडावळ्या आणि नाकात नथ, दुसरीकडे कपाळावर चंदनाची नाजूक नक्षी आणि हातात शंखाच्या बांगड्या, तर तिसरीकडे डोक्यावर मौर. मेकअप करणारीला हे सारे यावे लागते.

पण रूपापेक्षाही मोठा फरक घड्याळाचा आहे. मराठी घरात मुहूर्त बहुधा दिवसाचा असतो, म्हणून नवरीला पहाटे पाचलाच आरशासमोर बसवावे लागते. उत्तरेकडच्या पद्धतीच्या लग्नात मेकअप संध्याकाळी होतो. वरात येता येता रात्रीचे दहा-अकरा वाजतात, फेरे मध्यरात्रीनंतर आणि निरोप पहाटे. म्हणजे संध्याकाळी सहाला सजवलेला चेहरा दुसऱ्या दिवशी पहाटे पाचपर्यंत, अकरा तास, तोही उष्म्यात आणि अश्रूंत टिकायला हवा. इथल्या उन्हाळ्यात पारा चाळीसच्या पुढे जातो हे लक्षात घेतले म्हणजे आईची धास्ती अगदी रास्त वाटते.

आता एक उदाहरण मनाशी धरू या. समजा, अशाच एका सेक्टरमध्ये राहणारी एक ताई आहे. ब्यूटी पार्लरचा कोर्स केलेली, हात स्वच्छ आणि हलका. स्वतःचे दुकान नाही. मोठी पेटी घेऊन ती स्कूटरवर घरोघरी जाते. वर्षभरात तिने पन्नासएक व्हिडिओ टाकले. त्यातला एक चाळीस हजार लोकांनी पाहिला. त्यावरून फोन आले दोन, आणि दोन्ही दूरच्या शहरांतून, ‘‘तुम्ही कोर्स शिकवता का?’’ असे विचारणारे! सुंदर चेहऱ्याचा व्हिडिओ मेकअप शिकणाऱ्या मुली आवडीने पाहतात, म्हणून अॅप तो तशाच मुलींना दाखवत राहते. भिलाई-दुर्गमधली नवरी त्या गर्दीत क्वचितच असते.

आधी वही, मग कॅमेरा

ताईने पहिली गोष्ट ही करावी, की मागच्या वर्षभरातले व्हॉट्सअॅपचे निरोप उघडून नवऱ्यांनी आणि त्यांच्या आयांनी जे जे विचारले ते वहीत उतरवून काढावे. बहुतेक प्रश्न पाचच निघतात. टिकेल का? माझ्या रंगाला शोभेल का? फोटोत कसे दिसेल? वेळेवर घरी याल ना? आणि पैशात काय काय येते?

एका व्हिडिओत एकाच प्रश्नाचे उत्तर द्यायचे, हा नियम. पाचही प्रश्न तीस सेकंदांत कोंबले तर एकही नीट ऐकू येत नाही. या पाचांपैकी पहिल्या दोन-तीन प्रश्नांवर बुकिंग ठरते, म्हणून त्यांचीच आखणी सविस्तर पाहू.

निरोपाच्या वेळचा चेहरा

‘टिकेल का?’ या प्रश्नाला तोंडी उत्तर कितीही दिले तरी उपयोग नाही. वॉटरप्रूफ हा शब्द सगळ्याच वापरतात. पहाटे निरोपाच्या वेळचा चेहराच दाखवायला हवा. पण इथे अडचण अशी की ताई मेकअप करून रात्री आठला घरी परतलेली असते. मग पहाटेचे चित्रण कोण करणार?

याची तजवीज लग्नाच्या आधी करावी लागते. नवरीची बहीण किंवा मैत्रीण तिच्याजवळ रात्रभर असते. तिला ट्रायलच्या दिवशीच विश्वासात घ्यावे. काम अगदी थोडे सांगावे: वरमाला झाल्यावर दहा सेकंद आणि निरोपाच्या आधी दहा सेकंद. मोबाइल उभा धरायचा, चेहरा जवळून घ्यायचा, मोबाइलमधली चेहरा गुळगुळीत करणारी सोय बंद ठेवायची आणि भिंग आधी ओढणीने पुसायचे. ही शेवटची सूचना हसण्यावारी नेऊ नये. लग्नघरात हळदीच्या आणि तुपाच्या बोटांनी भिंग हमखास धुरकट झालेले असते.

ताईने स्वतः संध्याकाळी तीन तुकडे घ्यावेत: स्वच्छ धुतलेला चेहरा, फाउंडेशनचा पातळ थर दाबून बसवताना आणि तयार चेहरा. नवरीला खिडकीकडे तोंड करून बसवावे. खोलीत पांढरी ट्यूब आणि पिवळा बल्ब दोन्ही लागलेले असतील तर एक बंद करावा, नाहीतर अर्धा गाल निळसर आणि अर्धा पिवळा दिसतो. बहुतेक मोबाइलमध्ये पडद्यावर चेहऱ्याच्या जागी बोट दाबून धरले की उजेड आणि फोकस तिथे पक्का होतो. तसे केले नाही तर जरीचा शालू चमकताच कॅमेरा गोंधळतो आणि चेहरा काळवंडतो.

आता जोडणी. तीस सेकंदांचा व्हिडिओ असा मांडावा. पहिले तीन सेकंद पहाटे पाचचा चेहरा, त्यावर मोठ्या अक्षरांत एकच ओळ, ‘ये मेकअप कल शाम ६ बजे हुआ था.’ भिलाईत सगळ्यांची समाईक भाषा हिंदी असल्याने ओळ हिंदीत. मराठी घरांसाठी तोच व्हिडिओ मराठी ओळ टाकून वेगळा करता येतो. शेवट आधी दाखवण्याचे कारण असे की पाहणारी पहिल्या दोन-तीन सेकंदांतच थांबायचे की बोट वर सरकवायचे हे ठरवते. पुढचे दहा सेकंद संध्याकाळची तयारी आणि तयार चेहरा. मग पाच सेकंद वरमालेनंतरचा चेहरा. त्यानंतर सात सेकंद पुन्हा पहाटेचे, ताईच्या आवाजात: नाकाजवळ थोडे तेल आले, लिपस्टिक जेवणानंतर एकदा लावावी लागली, डोळे मात्र रडूनही पसरले नाहीत. शेवटचे पाच सेकंद, ‘भिलाई-दुर्ग. लग्नाची तारीख आणि ठिकाण कळवा.’

नाकाजवळ तेल आले हे सांगायचे कशाला, असे ताईला वाटेल. पण तीच ओळ ऐकून आईचा विश्वास बसतो. अकरा तास काहीच हलले नाही असे सांगणारीवर कोण विश्वास ठेवील? शिवाय नवरीजवळ टिपकागद आणि लिपस्टिक ठेवून जाणारी बाई विचारी आहे, हेही न सांगता कळते.

लिहायच्या ओळी पडद्याच्या वरच्या किंवा मधल्या भागात असाव्यात. खालच्या कडेला आणि उजवीकडे अॅपचे स्वतःचे नाव व बटणे येतात. तिथे लिहिलेले झाकले जाते.

माझ्या रंगाला शोभेल का?

हा प्रश्न अनेकदा विचारलाच जात नाही, मनात राहतो. सावळ्या किंवा गव्हाळ मुलीने गोऱ्या नवऱ्यांचेच व्हिडिओ पाहिलेले असतात. एखाद्या लग्नात राखेसारखा फिकट पडलेला चेहरा आणि त्याखाली वेगळ्याच रंगाची मान तिने पाहिलेली असते.

या प्रश्नाचा व्हिडिओ ट्रायलच्या दिवशी घ्यावा. नवरीच्या जबड्याच्या कडेला, मान दिसेल अशा बेताने, फाउंडेशनच्या तीन छटांच्या तीन रेघा ओढाव्यात. खोलीत तिन्ही सारख्याच वाटतील. मग तिला व्हरांड्यात, सावलीतल्या उजेडात आणावे. एक रेघ पांढरट दिसते, एक लालसर आणि एक दिसेनाशी होते. जी दिसेनाशी झाली ती तिची छटा. वीस सेकंदांत संपणाऱ्या या व्हिडिओत ना गाणे लागते ना दागिने, पण पाहणाऱ्या मुलीला उमगते की ही बाई मला गोरी करायला बघत नाही, मला माझ्यासारखी राखते.

याच बैठकीत तिसरा व्हिडिओही होतो: फोटोत कसे दिसेल? लग्नातल्या काही फोटोंत नवरीच्या डोळ्यांखाली पांढरे डाग उमटतात. आरशात ते दिसत नाहीत, फ्लॅशमध्येच दिसतात. सिलिकाची बारीक पूड असलेली पावडर जास्त थापली किंवा उन्हापासून बचावाच्या मलमातील टायटॅनियम डायऑक्साइड व झिंक ऑक्साइडचा थर जाड झाला की फ्लॅशचा प्रकाश परत फिरतो आणि तिथे पांढरे उमटते. म्हणून ट्रायल संपल्यावर खोलीतला दिवा मालवावा, फ्लॅश लावून एक फोटो काढावा आणि तो व्हिडिओत तसाच दाखवावा. डाग आला तर पावडर बदलून दुसरा फोटो. चूक सापडली आणि सुधारली, हे दिसले तर उत्तमच. ट्रायल कशासाठी घ्यायची, हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

आणि एक पथ्य कसोशीने पाळावे. चेहरा बदलणारा फिल्टर यातल्या कोणत्याही व्हिडिओला लावू नये. फिल्टरचा चेहरा पाहून आलेली नवरी ट्रायलच्या आरशात तोच चेहरा शोधते. तो सापडत नाही, तेव्हा ती भांडत नाही. नुसते ‘कळवते’ म्हणून निघून जाते. ट्रायल झाल्या पण आगाऊ रक्कम आली नाही, असे वारंवार घडत असेल तर आपले व्हिडिओ आणि आपले काम यांत अंतर पडले आहे, असे खुशाल समजावे.

नवरीची संमती

या व्यवसायात सगळ्यात नाजूक गोष्ट हीच आहे. नवरी ताईची गिऱ्हाईक आहे, जाहिरातीची मॉडेल नव्हे. धुतलेला चेहरा, मुरुमांचे डाग, निरोपाचे अश्रू हे तिचे खासगी आहे. सासरच्या कुणा वडीलधाऱ्यांनी तो व्हिडिओ चौथ्या दिवशी पाहिला आणि बोल लावला, तर तो त्या मुलीला ऐकावा लागतो.

म्हणून बुकिंगच्या कागदावरच चार ओळी असाव्यात: व्हिडिओ घ्यायचा की नाही, मेकअपपूर्वीचा चेहरा दाखवायचा की नाही, नाव घालायचे की नाही आणि केव्हापासून टाकायचा. नवरीला एकटीला विचारावे; भरल्या घरात विचारले की ती संकोचाने हो म्हणते. नकार दिला म्हणून दर वाढवू नये. व्हिडिओ लग्न पार पडल्यावरच टाकावा, तोही आधी तिला पाठवून, तिने ‘चालेल’ म्हटल्यावर. मागे पत्रिकेवरचा पत्ता, कपाटातले दागिने किंवा घरातली लहान मुले दिसत नाहीत ना, हे पाहून घ्यावे. पुढे कधी तिने काढून टाकायला सांगितले, तर कारण न विचारता काढावा.

नवरी नको म्हणाली तर? मुंडावळ्या पाठमोऱ्या बांधताना घेता येतात, चुडा भरलेले हात घेता येतात, पेटीतले ब्रश धुऊन वाळत घातलेले दाखवता येतात. आपल्या चेहऱ्याला दुसऱ्याचे ब्रश लागणार, याची धास्ती अनेक आयांना असते. शाम्पूने धुतलेल्या ब्रशांचा पंधरा सेकंदांचा व्हिडिओही एखाद्या आईला खेचून आणू शकतो. मैत्रिणीला नवरी म्हणून सजवले असेल, तर ‘ही सरावासाठी केलेली सजावट आहे’ असे लिहावे.

पंचांग पाहून आखणी

लग्नाचे बुकिंग लग्नाच्या महिन्यात येत नाही, त्याच्या कितीतरी आधी येते. म्हणून व्हिडिओंचे वेळापत्रक पंचांगावर बेतावे. आषाढी ते कार्तिकी एकादशी हा चातुर्मास. त्यात लग्ने थांबतात आणि ताईचे हात रिकामे असतात. पण कार्तिकानंतर ज्यांची लग्ने आहेत त्या मुली नेमक्या याच दिवसांत शोधाशोध करीत असतात. श्रावण-भाद्रपदात ताई व्हिडिओ टाकायचे बंद करते आणि तुळशीच्या लग्नानंतर घाईने सुरू करते, ही नेहमीची चूक. तोवर चांगल्या तारखा दुसरीकडे गेलेल्या असतात.

उन्हाळ्यातल्या लग्नांत घेतलेले तुकडे जपून ठेवावेत आणि चातुर्मासात जोडून टाकावेत. डिसेंबरच्या मध्यापासून संक्रांतीपर्यंत इथे पुन्हा लग्नांना विराम असतो. तेव्हा अक्षय्य तृतीयेच्या, म्हणजे छत्तीसगढच्या अक्तीच्या, लग्नांसाठी घामात टिकणाऱ्या मेकअपचे व्हिडिओ पुढे आणावेत. उलट नोव्हेंबर-डिसेंबरच्या लग्नांसाठी कोरडी, सोलवटणारी त्वचा हा विषय पावसाळ्याच्या अखेरीस घ्यावा. एका ट्रायलमधून तीन आणि एका लग्नातून तीन असे सहा व्हिडिओ सहज निघतात. आठवड्याला दोन टाकले तर तीन आठवड्यांची बेगमी होते. रोज टाकण्याचा हट्ट धरला की कामाचा दिवस चित्रणातच जातो आणि नवरी ताटकळते.

गाण्याच्या बाबतीतही सावध राहावे. इन्स्टाग्रामवर व्यवसायाचे खाते असेल तर चित्रपटातली बरीच लोकप्रिय गाणी वापरता येत नाहीत. वरातीच्या बँडवर वाजणारे गाणे मागे ऐकू आले तरी कधीकधी व्हिडिओचा आवाज बंद केला जातो. ताईचा स्वतःचा साधा आवाज सगळ्यात बरा. पाच प्रश्नांची उत्तरे शेवटी तिलाच द्यायची आहेत.

फळ मोजायचे कसे?

वही पुन्हा उघडावी. फोन आला की चार गोष्टी लिहाव्यात: तारीख, कोणता व्हिडिओ पाहून आला, कुठल्या भागातून आला आणि पुढे ट्रायल व आगाऊ रक्कम झाली की नाही. समजा, निरोपाचा व्हिडिओ फक्त अकराशे जणांनी पाहिला, पण त्यावरून सात फोन आले. त्यातल्या तिघींनी ट्रायल घेतली आणि दोघींनी तारीख पक्की केली. मग चाळीस हजारांच्या त्या जुन्या व्हिडिओपेक्षा हा कितीतरी मोलाचा. किती जणांनी तो दुसऱ्याला पाठवला, हा आकडाही पाहावा. मुलगी आवडलेला व्हिडिओ आईला किंवा मावशीला पाठवते, तेव्हाच घरात बोलणे सुरू होते.

फोन येतात पण दर ऐकून थांबतात, असे होत असेल तर पाचव्या प्रश्नाचा व्हिडिओ राहून गेला आहे. साडी नेसवणे, केशरचना, पापण्या, येण्याजाण्याचा खर्च यांपैकी दरात काय आहे आणि काय नाही, हे त्यात स्पष्ट सांगावे. वेळेबद्दलही तसेच. पहाटेच्या मुहूर्तासाठी ताई किती वाजता दारात हजर असते, हे स्कूटरवर पेटी बांधतानाच्या दहा सेकंदांत सांगून होते.

व्हिडिओंची मर्यादाही जाणून असावी. एकटी बाई एका मुहूर्ताला एकच नवरी सजवू शकते. अक्तीची तारीख एकदा गेली की गेली. पुढे आलेल्या दहा फोनांना ‘नाही’च म्हणावे लागते. लोभाने दोन घरे घेतली तर एका घरी मुहूर्त चुकतो, आणि त्या घरची तक्रार सगळ्या सेक्टरभर होते.

दुसरे, सारी भिस्त एका अॅपवर ठेवू नये. २९ जून २०२० रोजी केंद्र सरकारने टिकटॉकसह ५९ अॅपवर बंदी घातली, तेव्हा ज्यांचे सारे काम तिथेच होते त्यांचे पाहणारे एका रात्रीत हरवले. इन्स्टाग्रामचे रील आणि यूट्यूबचे शॉर्ट्स भारतात त्याच वर्षी त्यानंतर आले. म्हणून मूळ तुकडे स्वतःजवळ साठवावेत, तोच व्हिडिओ दोन ठिकाणी टाकावा आणि फोन करणाऱ्यांची नावे-नंबर वहीत ठेवावेत. अॅप बंद पडले तरी वही आपलीच असते.

आता पुन्हा त्या क्वार्टरमध्ये जाऊ. मुलीच्या मोबाइलवर पहाटे पाचचा एक चेहरा येतो. डोळे रडून लाल झालेले, नाकावर थोडी चमक, पण काजळ जागच्या जागी. आई चष्मा सारखा करते, व्हिडिओ पुन्हा लावायला सांगते आणि विचारते, ‘‘ही भिलाईचीच आहे म्हणते ना? विचार बरं, आपली तारीख मोकळी आहे का.’’